वरच्या गल्ल्यांचं पाणी चोवीसला

"वरच्या गल्ल्यांना तीन तारखेला पाणी नाही," बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराच्या टेकडीवर भरलेल्या वस्तीच्या सभेत मी सांगून टाकलं. पुरवठादाराने पंपाला आपल्या विजेवर न चालणारी मोटर पाठवली होती. दुसरी अठराला येणार, चाचण्या उरकून चोवीसला पाणी. यावेळी आमचा माणूस ती गोदामातच तपासून घेणार.

"तोवर आम्ही काय बँड पिऊ?" सातुर्निना मावशी कडाडल्या. त्या उद्घाटनाच्या धर्ममाता, म्हणजे सोहळ्याचा मान आणि खर्च त्यांचा. तीन तारखेचा बँड त्यांनीच ठरवलेला.

"टाकीखालच्या गल्ल्यांना पंप लागत नाही, उतारानेच पाणी जातं. तिथे तीनलाच सोडतो. वर रोज टँकर येईल."

मावशींचं घर सगळ्यात वर.

"मग तीनला बँड खाली वाजवू!" मावशी उसळल्या. "आणि चोवीसला खालचे सगळे नाचत वर येतील. नाही आले तर बघतेच!"

शिट्ट्या, टाळ्यांचा नुसता गदारोळ! मी फळ्यावर चोवीस तारीख लिहिली, खाली जबाबदार म्हणून पुरवठादाराचं नाव.

"ते पुसा," मावशी म्हणाल्या. "मोटर त्यांची, शब्द तुमचा."

मी ते पुसून माझं नाव लिहिलं: इंजिनियर वाल्दो चोके.

मावशींनी खडू हिसकावला आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. पुढे एकच शब्द: जामीन.