तारीख वाढली तर

दुपारी एक ते चार राजकोट झोपतं, आणि त्या वेळात जागं राहणाऱ्याचे हाल कुत्रा खात नाही. उर्वी कोटेचा जागी होती. मांडीवर लॅपटॉप होता, त्यात वसावडासाहेबांना लिहिलेलं पत्र होतं, आणि ते पाठवायचं की नाही हे काही केल्या ठरत नव्हतं.

आदल्या दिवशी याज्ञिक रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात आर्टिकलशिपची मुलाखत झाली होती. सीए व्हायचं तर तेव्हा एखाद्या फर्ममध्ये तीन वर्षं काढावी लागत. इंटरमिजिएटचा पहिला ग्रुप उर्वीचा सुटला होता, तेवढ्यावर उमेदवारी सुरू करता येत होती. दुसरा ग्रुप मात्र दोनदा हुकला होता, त्यातही दुसऱ्यांदा एकूण बेरजेत चार गुणांनी. चार गुण! ते चार गुण तिच्या उशाला येऊन बसत. मेच्या परीक्षेला तयारी पुरणार नव्हती, म्हणून नोव्हेंबर. पप्पांनी शांतपणे सांगून ठेवलं होतं, "आणखी एकदा बस. नाही जमलं तर दुकानात हिशेब बघायला ये, त्यात कमीपणा नाही." कमीपणा नव्हताच, पण उर्वीला त्या वाक्याची धडकी भरली होती.

मुलाखत छान चालली होती. उर्वीनं सांगितलं, मार्चपासून येईन, टॅक्स ऑडिटची तीस सप्टेंबरची तारीख पार पाडीन आणि एक ऑक्टोबरपासून अभ्यासाची रजा घेईन. साहेब मान डोलावत होते. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "आणि तारीख वाढली तर?"

हा प्रश्न सीएच्या ऑफिसातलाच. सरकार ऐन वेळी तारीख पुढे ढकलतं, सगळं गाव सुटकेचा निःश्वास सोडतं, आणि फायली आणखी महिनाभर टेबलावर लोळतात. उर्वीच्या तोंडून निघून गेलं, "मग थांबेन ना, सर."

जिना उतरताना पहिल्याच पायरीवर तिला कळलं, आपण काय बोलून बसलो ते. महिना गेला की ग्रुप गेला.

त्याच संध्याकाळी मोठ्या काकांची फाल्गुनीबेन आली. तिची आर्टिकलशिप संपून वर्ष झालं होतं, त्यामुळे तिच्याकडे सल्ल्यांचं कोठार होतं. साहेबांना खरं काय ते लिहून कळवते, असं उर्वी म्हणाली मात्र.

"वेडी आहेस का तू? असलं लिहून कोण कळवतं? हो म्हणालीस ना, मग हो म्हणून बस. फॉर्मवर सही होऊ दे, इन्स्टिट्यूटकडे नोंद होऊ दे. मग तो तुला सहजी काढतोय होय?"

"आणि ऑक्टोबरात?"

"ऑक्टोबरात आजी वारते. माझी दोनदा वारली. आमच्या ऑफिसात एका पोराच्या तर तीन वारल्या, सरांनी विचारलंसुद्धा नाही."

कोपऱ्यात गवार मोडत बसलेल्या बांनी, म्हणजे आजीनं, मान वर केली. "हिची एकच आहे, आणि मला ऑक्टोबरात नवरात्राला गरब्याला जायचंय. मला मधे आणू नका."

फाल्गुनीबेन हसून लोळली. उर्वी हसली, पण रात्रभर कूस बदलत राहिली. खोटं बोलता येऊ नये इतकी काही ती साधी नव्हती. पण ते खोटं मार्चपासून सप्टेंबरपर्यंत रोज डब्याबरोबर ऑफिसात न्यायचं, ह्या विचारानंच तिला घाम फुटत होता.

आता दुपारी तिनं पत्र अकराव्यांदा वाचलं. मुलाखतीबद्दल आभार. काम करायची मनापासून इच्छा. आणि मग: "तारीख वाढली तर थांबेन, असं मी काल म्हणाले. ते घाईत म्हणाले. दुसऱ्या ग्रुपसाठी मला एक ऑक्टोबरपासून रजा लागेलच, तारीख वाढली तरी. सहा दिवसांच्या कामामागे एक दिवस, या हिशेबानं तोवर माझी पस्तीस दिवसांची रजा जमा होईल. त्याहून जास्त लागतील ते दिवस शेवटी भरून देईन. माझ्या फायली तीस सप्टेंबरच्या आत तयार करीन. हे आधीच सांगायला हवं होतं."

"हुंगून काय बघतेस?" बा झोपेतून म्हणाल्या. "पाठव नाही तर झोप."

तिनं पाठवलं. मग चार वाजेपर्यंत ती घरभर फिरली. माठातलं पाणी दोनदा प्यायली, कपाट आवरलं, आवरलेलं परत विस्कटलं. चारला उत्तर नाही. सहाला नाही. रात्री जेवताना फाल्गुनीबेनचा निरोप आला, "धाडलंस? मग आता दुसरी फर्म शोध."

उत्तर शनिवारी सकाळी आलं. एका ओळीचं: साडेअकराला भेटा.

वसावडासाहेब बशीत चहा ओतत होते. समोर तिचं पत्र छापून ठेवलेलं.

"गुरुवारी एक उर्वी येऊन गेली, ती थांबणार होती," ते म्हणाले. "शुक्रवारी दुसरीनं पत्र लिहिलं, ती थांबणार नाही. मी कुणाला घेऊ?"

उर्वी म्हणाली, "पत्रवालीला, सर. गुरुवारची ऑक्टोबरात तुम्हाला आजी वारली म्हणून सांगेल."

साहेबांनी बशी खाली ठेवली. हसले नाहीत. "या ऑफिसानं बऱ्याच आज्या पोचवल्यात," एवढंच म्हणाले. मग पेन काढून पत्राच्या कडेला लिहिलं, 'रजा मंजूर, १ ऑक्टोबरपासून', सही केली, तारीख घातली आणि कागद तिच्याकडे सरकवला. "जपून ठेव. मी तेव्हा विसरलेला असेन."

ते खरंच विसरले. चोवीस सप्टेंबरला दुपारी बातमी आली, तारीख एकतीस ऑक्टोबरपर्यंत वाढली. ऑफिसात पेढे आले. उर्वीच्या हातातला पेढा तसाच राहिला. तिच्या सात फायलींपैकी पाच तयार होत्या. पुढचे सहा दिवस ती सकाळी आठला येऊन बसली, आणि तीस तारखेला सातवीही बांधली.

त्या संध्याकाळी साहेब तिच्या टेबलाशी आले. डोळे तांबारलेले, हातात आणखी तीन फायली. "उर्वी, मोरबीच्या टाइल्सवाल्यांचं उद्यापासून तू बघ. आता महिना आहे हाताशी."

हो म्हणणं किती सोपं होतं. ते ओठांवर आलंच होतं, तेच गुरुवारचं. तिनं खण उघडला, कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला.

साहेबांनी स्वतःची सही बराच वेळ वाचली. चेहऱ्यावर राग होता, तो त्यांनी लपवला नाही. मग तीन फायली उचलून ते आपल्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

एक ऑक्टोबरला दुपारी राजकोट झोपलेलं असताना उर्वीचा फोन वाजला. पुस्तक हातातून गळालं. ऑफिसातनं असणार, असं तिच्या मनानं घेतलं. फाल्गुनीबेन होती.

"मिळाली रजा? कोण गेलं गं तुमच्याकडे?"

उर्वीनं बांकडे पाहिलं. गरब्याच्या चणिया-चोळीची सुटलेली टिकली टाचत त्या खिडकीपाशी बसल्या होत्या.

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि फोन बंद करून पुस्तक उचललं.