व्हिडिओखालची पहिली ओळ

आमचे भाऊजी चॅनलला "आपलं बाळ" म्हणतात. बाळाला आंघोळ घालणारी मी, पावडर लावून मिरवणारे ते. मी नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी काळजी कशी घ्यायची, कूस कशी बदलायची, चादर कशी काढायची, हे मी ड्यूटीवरून आल्यावर कॅमेऱ्यासमोर करून दाखवते. शूटिंग, एडिटिंग आणि व्हिडिओखालचा मजकूर भाऊजींकडे. अकाउंट त्यांच्या नावावर, चेहरा माझा. ही वाटणी कुणी केली ते विचारू नका. आमच्या घरात वाटण्या आपोआप होतात.

त्या सकाळी चॅनलच्या ईमेलवर एका मुलीचा मेल आला. वडील अंथरुणावर, पाठीच्या खाली जखम. "ताई, तुमच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून हवेची रिंग मागवली. रोज बसवतो, तरी जखम वाढतेय. काही चुकतंय का?" खाली फोन नंबर.

मला आधी वाटलं, हिचा चॅनल चुकला. कारण त्याच व्हिडिओत मी ती टायरसारखी फुगवायची रिंग हातात धरून सांगितलं आहे की ही घेऊ नका. मधोमध भोक असलं की जखमेवर भार येत नाही असं वाटतं, पण कडेचा गोल दाबला जातो, आतल्या कातडीला रक्त नीट पोहोचत नाही आणि तीच कातडी सुजते. त्यापेक्षा दर दोन तासांनी कूस बदला, घरातली उशी पोटऱ्यांखाली देऊन टाचा अधांतरी ठेवा, आणि माणूस कायमचाच पडून असेल तर डॉक्टरांना विचारून हवेची गादी घ्या. हे मी घसा खरवडून सांगितलंय.

मग व्हिडिओ उघडला. खाली पहिल्याच ओळीत रिंग. "ताईंची पसंती" असं लिहून पुढे लिंक. वर मी नको नको म्हणून मान हलवतेय आणि खाली माझीच पसंती. डोकं सणकलं. दुसरा व्हिडिओ उघडला, तिथेही तेच. दात घासून देण्याच्या व्हिडिओखालीसुद्धा रिंग!

भाऊजी त्यांच्या खोलीत हेडफोन लावून बसले होते. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो आपटला गेला असेल तर असेल.

"हे काय केलंत?"

"अहो वहिनी, सगळे व्हिडिओ एकदम सिलेक्ट केले आणि मजकुराच्या सुरुवातीला ती ओळ घातली. एकेक उघडत बसलो तर म्हातारा होईन."

"आणि मी कुठल्या व्हिडिओत काय बोललेय?"

"ते सगळं कोण ऐकत बसतं?"

एडिटिंग हेच करतात, हे लक्षात असू द्या. म्हणजे मी ओठ कधी हलवते आणि कधी थांबते एवढंच यांना माहीत. मी काय म्हणते त्याच्याशी यांचं काही देणंघेणं नाही.

"रिंगच का पण?"

"कमिशनचा टक्का चांगला आहे. स्वस्त आहे, माणूस विचार न करता घेतो. गादी घ्यायला घरात चार जणांची मीटिंग बसते. आणि लिंक दाबून आत गेलेला माणूस रिंग सोडून दुसरं काही घेऊन आला, तरी ठराविक मुदतीत आपल्याला त्याचंही कमिशन मिळतं. तुम्ही काय सांगता लोकांना? घरातली उशी घ्या! उशीची लिंक कुठून आणू?"

"आणू नका. ज्याची गरज नाही त्याची लिंक नसते, एवढं साधं आहे."

"वहिनी, तुम्ही हॉस्पिटलात शोभता."

यावर मला जे बोलायचं होतं ते बोलले असते तर सासूबाई धावत आल्या असत्या. मी मोबाइल भाऊजींच्या नाकासमोर धरला. मागे हवेच्या गादीची लिंक टाकली तेव्हा मी भांडून एक ओळ पहिली लिहायला लावली होती: या लिंकवरून खरेदी केलीत तर आम्हाला कमिशन मिळतं, तुम्हाला किंमत तीच पडते. व्हिडिओतही मी ते तोंडाने बोलले होते. आता ती ओळ रिंगच्या आणि तिच्या कौतुकाच्या खाली ढकलली गेली होती. "आणखी" दाबल्याशिवाय दिसतच नव्हती.

"आहे ना ओळ," भाऊजी म्हणाले. "कुठे काढलीय? नियमाला धरून आहे."

"नजर पडेल तिथे, लिंकच्या आधी पाहिजे. कपाटात कोंबलेली पाटी ही पाटी नसते. आणि ताईंची पसंती हे धादांत खोटं आहे. ती ओळ वर असती तरी खोटंच राहिलं असतं."

"कोण तपासायला येतंय?"

तेवढ्यात आमचे हे दाराशी आले. हातात चहाचा कप, चेहऱ्यावर शांततेचं प्रवचन. "जाऊ दे ना, त्याने मुद्दाम थोडंच केलं."

"मुद्दाम केलं असतं तर निदान व्हिडिओ तरी बघितला असता," मी म्हणाले. "तुम्ही चहा प्या."

ते चहा प्यायला गेले. या बाबतीत ते फार आज्ञाधारक आहेत.

मी भाऊजींना स्वच्छ सांगितलं. रिंग सगळीकडून काढा. मी आत्ता कॅमेऱ्यासमोर बसते, चूक कबूल करणारा व्हिडिओ काढा. रिंग घेतली असेल तर वापरणं थांबवा, कमिशन आम्हाला मिळालंय, हे सगळं सुरुवातीलाच. नाहीतर आजपासून माझं तोंड या कॅमेऱ्याला दिसणार नाही.

भाऊजी खुर्चीत मागे रेलले. "असला व्हिडिओ टाकला की संपलं सगळं. लिंक काढतो गुपचूप. तोंडाचं म्हणाल, तर पांढरा कोट घालून बोलणाऱ्या ढीगभर मिळतात."

अंगाचा तिळपापड झाला. पण त्याहून जास्त भीती वाटली. कारण ते खरं होतं. मिळाल्या असत्या. आणि त्या मुलीच्या वडिलांच्या पाठीखाली रिंग तेव्हाही असणार होती.

मी तिथेच उभं राहून तिला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. कोण बोलतेय ते सांगितल्यावर ती एवढी आनंदली की आभारच मानत सुटली. रिंग आत्ता काढ, बाबांना कुशीवर वळव, जखमेवर भार येऊ देऊ नकोस, आजच डॉक्टरांना दाखव, असं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "ती लिंक चुकून पडली होती. रिंग घेऊ नका असं मी त्याच व्हिडिओत म्हटलंय."

"मी व्हिडिओ पूर्ण नाही बघितला, ताई. बाबा हाका मारत होते. खाली तुमची पसंती दिसली, लगेच मागवली." "बाबा रोज म्हणायचे, टोचतंय, काढ. मी त्यांना ओरडायचे. म्हणायचे, ताईंना तुमच्यापेक्षा जास्त कळतं."



भाऊजी माझ्याकडे वाकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ही बाई तक्रार वगैरे करणार नाही ना?"

दबका असला तरी आवाज पलीकडे गेला.

"ताई, हे कोण बोलतंय?"

भाऊजींनी फोन बंद करायला हात पुढे केला. मी फोन मागे घेतला.

"ज्यांनी लिंक टाकली ते," मी म्हणाले. "कर तक्रार. नाव त्यांचं दे, आणि माझंही. त्या लिंकवर चेहरा माझा होता."