दोन आणि चारचे रकाने

बाबा मोजणी खात्यात होते. निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली तरी छापलेला आकडा त्यांच्या डोळ्यासमोरून तपासल्याशिवाय पुढे सरकत नसे. सभेला पाच लाख लोक होते असं पेपरात आलं की ते म्हणत, रस्ता एक किलोमीटर, रुंदी दहा मीटर, म्हणजे दहा हजार चौरस मीटर. एका चौरस मीटरात चार माणसं दाटीवाटीनं कोंबली तरी चाळीस हजार. उरलेले चार लाख साठ हजार काय एकमेकांच्या खांद्यावर होते? मग पेपराची घडी घालून चहा मागत. आकडा बरोबर आहे का हे नंतर बघायचं, असं त्यांनी मला शिकवलं. आधी तो असू शकतो का ते बघायचं.

मी आरोग्य खात्याच्या आकडेवारी दफ्तरात तपासनीस झाले ती याच शिकवणीच्या जोरावर. सरकारी दवाखान्यांतले रुग्णांच्या नोंदींचे तक्ते आमच्याकडे येतात, प्रत्येक वॉर्डातले महिन्याला वीस. त्यांवर रुग्णाचं नाव नसतं, नोंदणी क्रमांक असतो.

बाबा सत्तावीस ऑगस्टला गेले. निमोनिया झाला म्हणून पाच दिवसांपूर्वी त्यांना पुरुषांच्या वॉर्डात ठेवलं होतं. वॉर्डाच्या नियमाप्रमाणे नातेवाइकांना फक्त संध्याकाळी सहाला सोडत. त्या दिवशी सहाला मी त्यांच्या खाटेपाशी पोचले. तोंड उघडं होतं. मी हनुवटी वर सारायला गेले, ती हलली नाही. छातीवर मुडपलेला हात सरळ करावा म्हटलं, कोपर वाकेना. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, आजोबा दुपारपासून झोपलेत.

दाखल्यावर मृत्यूची वेळ पाच चाळीस लिहिली होती.

वीस मिनिटांत माणूस असा ताठ होत नाही, हे मला डॉक्टर नसूनही माहीत होतं. बाबा नक्की कधी गेले आणि तेव्हा जवळ कोणी होतं का, एवढंच मला हवं होतं. मी तक्रार केली, तक्त्याची प्रत मागितली. ती हातात आली त्या दिवशी मी जेवले नाही आणि, खोटं कशाला सांगू, किती तरी दिवसांनी मला बरं वाटलं. दुःखाला काही करता येत नव्हतं. तक्त्याला येत होतं.

चौकशी दवाखान्याच्या सभागृहात झाली. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, एक पंखा, तोही आवाज करणारा. अध्यक्ष म्हणून बाहेरगावचे एक वयस्कर डॉक्टर आले होते. त्यांच्या उजवीकडे दवाखान्याचे अधीक्षक, डावीकडे मेट्रन, कोपऱ्यात नोंदी सांभाळणारा कारकून. समोरच्या खुर्चीत त्या दिवशीची वॉर्डातली सिस्टर. पस्तिशीची असेल. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. मला तिची दया आली नाही.

अध्यक्षांनी मला बोलायला सांगितलं. मी बाबांच्याच क्रमानं गेले: आधी आकडा केवढा असू शकतो, मग प्रमाण, शेवटी तारखा.

पहिलं, आकाराचं. सलाइन सकाळी दहाला लावलं, वेग ताशी साठ मिली. सहापर्यंत आठ तास, म्हणजे चारशे ऐंशी. तक्त्यात दहा ते सहा या वेळात गेलेलं सलाइन पंधराशे मिली. ही दिवसभराची ऑर्डर आहे, ती तशीच उतरवलेली आहे. मग ताप. दहाला एकशे एक पूर्णांक आठ, बाराला एकशे एक पूर्णांक दोन, दोनला अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार, चारलाही अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचा निमोनियाचा ताप दोन तासांत असा शहाण्यासारखा उतरून जागच्या जागी बसत नाही. नाडी सगळीकडे सम आकड्यात होती, पण त्याला मी दोष देणार नाही, असंही मी सांगितलं, कारण अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची पद्धत आहे आणि दुप्पट केली की आकडा समच येणार. मी किती न्यायानं वागते आहे हे अध्यक्षांना दिसावं, असं मला वाटत होतं.

दुसरं, प्रमाणाचं. वॉर्डात अडतीस रुग्ण, पाळीवर सिस्टर एक. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब आणि ते लिहिणं, घाईघाईनं केलं तरी माणशी चार मिनिटं. अडतीस चोक एकशे बावन्न. फेरी दर दोन तासांनी, म्हणजे एकशे वीस मिनिटांनी. एक फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊन अर्धा तास उलटलेला. तरीही बाबांच्या तक्त्यात एकही रकाना रिकामा नाही.

"म्हणजे नोंदी करणं शक्यच नव्हतं," अध्यक्ष म्हणाले.

"शक्यच नव्हतं."

अधीक्षकांनी मान डोलावली. त्यांना हे गणित आवडलं होतं. सिस्टर एकच का होती, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

वेळेच्या मुद्द्यावर अध्यक्ष स्वतःच बोलले. ताठरपणा आधी जबड्यात, मानेत येतो, मग हातांत. ताप असला तर थोडा लवकर. कोपरापर्यंत यायला तीन-चार तास धरा. चारला चालणारी नाडी लिहिली आहे, तेव्हा बहुधा नाडी नव्हती.

तिसरं, तारखांचं, मी शेवटाला ठेवलं होतं. तक्त्याच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याची ओळ असते. ती कोणी वाचत नाही. मी प्रत पुढे सरकवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. छपाई, सप्टेंबर.

"माझे वडील सत्तावीस ऑगस्टला गेले," मी म्हणाले. "हा कागद तेव्हा जन्मलाच नव्हता."

मेट्रननं चष्मा काढून पुसला. अध्यक्ष सिस्टरकडे वळले आणि त्यांनी विचारलं की तक्ता नंतर बसून लिहिला का. ती हो म्हणाली. लगेच, काही आडपडदा न ठेवता. मला वाटलं होतं ती रडेल, नाकारेल. त्याची तयारी मी करून आले होते. या होकाराची नव्हती.

"का लिहिलात?"

"पहिला परत आला म्हणून."

पहिला कुठे आहे, असं अध्यक्षांनी विचारल्यावर कारकून उठला. परत आलेले तक्ते फेकायचे नाहीत असा नियम असल्यानं त्यानं एका गठ्ठ्याची दोरी सोडली, थुंकी लावून कागद उलटले आणि एक टेबलावर आणून ठेवला. तोच नोंदणी क्रमांक. छपाई जून. दहाचा रकाना भरलेला, बाराचा भरलेला. दोनचा कोरा. चारचा कोरा. सलाइनपुढेही काही नाही. शेऱ्याच्या जागी गिचमिड अक्षरांत एक ओळ होती: खाट ३३ रक्तस्राव, इतरांकडे जाता आलं नाही.

त्या ओळीवर, आडवा, जांभळा शिक्का. अपूर्ण. रकाने भरून पाठवणे. तारीख दोन सप्टेंबर. शिक्क्याखाली सही.

पाच दिवस घरी बसून भिंती अंगावर यायला लागल्या म्हणून मी दोन सप्टेंबरला कामावर गेले होते. टेबलावर गठ्ठा होता. कोरा रकाना दिसला की परत, हा नियम दफ्तरानं केला असला तरी त्याचा मसुदा माझा. त्या दिवशी मी एकशे चाळीस तक्ते पाहिले आणि एकतीस परत पाठवले. शेरे वाचले नाहीत. कोऱ्या जागेत तपासायला काही नसतं.

"ही सही कोणाची?" अध्यक्षांनी विचारलं.

कारकून माझ्याकडे बघत होता. त्याला आधीपासून माहीत असणार. सिस्टर मात्र शिक्क्याकडे बघत होती. तिला तो फक्त दफ्तराचा शिक्का होता.

"माझी," मी म्हणाले.

अधीक्षक सावरून बसले आणि फार सौजन्यानं म्हणाले की बाईंनी नियमानुसारच केलं आहे, अपूर्ण तक्ता परत पाठवणं हे त्यांचं कर्तव्यच होतं, उलट स्वतःच्या वडिलांच्या बाबतीतही त्यांनी डावंउजवं केलं नाही. अध्यक्षांनी थोडा विचार केला. त्यांनी ते मान्य केलं. नियमात रकाने भरा असं म्हटलं आहे, खोटे भरा असं म्हटलेलं नाही. दोष एकाच ठिकाणी राहतो.

माझी संधी तेवढीच होती. कोरा कागद खरा होता आणि तो खरा असल्यामुळेच मी परत पाठवला, एवढं म्हणायचं होतं. अडतीसला एक हे प्रमाण सिस्टरनं ठरवलेलं नाही, एवढं तरी. मी अध्यक्षांना विचारलं की मृत्यूच्या वेळेची दुरुस्ती होईल ना. ते होईल म्हणाले. कारकुनानं माझा जबाब वाचून दाखवला, त्यात माझी तिन्ही गणितं बिनचूक होती. मी सही केली. माझी सही फार चांगली येते.

सिस्टरला त्याच दिवशी कामावरून कमी केलं. ती हंगामी होती, त्यामुळे वेगळी कारवाई लागली नाही.

बाहेरच्या बाकावर ती पिशवीत डबा, छत्री आणि एप्रन कोंबत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. माफी मागायला, असं मला वाटावं अशी माझी इच्छा होती, पण मला वेळच हवी होती.

"सिस्टर, तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?"

तिनं माझ्याकडे न बघताच सांगितलं. "एक वाजून गेला होता. तेहतीसकडं धावत होते. त्यांनी हात केला, पाणी मागितलं. दोन घोट घेतले. तिसरा गेला नाही."

"काही बोलले?"

"मुलगी आली का विचारलं."

पिशवीची चेन लागत नव्हती. तिनं छत्री काढली, परत घातली.

"मी म्हटलं, आजोबा, खाली आलीये, जिना चढतेय. झोपले मग." ती उठली. "तेवढं एक खोटं मी माझ्या मनानं बोलले, ताई. बाकीची तुमच्या दफ्तरानं मागवली."

ती जिना उतरून गेली. मी बाकावर बसले. एक वाजून गेल्यावर ते तीनच्या आत. मृत्यूची वेळ आता एवढ्या टप्प्यात आली होती, आणि ती असू शकत होती. त्या वेळी मी दफ्तरात होते. दुपारच्या सुट्टीआधी दुसऱ्या एका वॉर्डाचा गठ्ठा संपवत होते.