आठवड्याला पाच

त्या मुलाखतीत उत्कर्षाने कंपनीचं नावच चुकीचं घेतलं.

फोनच्या पडद्यावर समोर दोन माणसं होती. "तुमच्याकडे औषधांच्या टिकाऊपणाच्या चाचण्या मोठ्या प्रमाणावर चालतात, म्हणून मला तुमच्याकडेच यायचंय," असं ती छान ठासून सांगत होती, आणि सांगता सांगता तिने भलत्याच कारखान्याचं नाव घेतलं. एकाने चष्मा काढला. दुसरा म्हणाला, "मॅडम, ते आम्ही नाही." ती सावरायला गेली आणि तिसरंच नाव तोंडात आलं. चार मिनिटांत सगळं आटोपलं.

त्या आठवड्यात तिने चौसष्ट ठिकाणी अर्ज टाकले होते. कुठे काय टाकलं, हे तिला स्वतःलाच आठवत नव्हतं.

उत्कर्षा मूळची सांगलीकडची. लग्न होऊन बोईसरला आली आणि तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्याच्या तपासणी विभागात लागली. नऊ वर्षं तिथे काढली. गोळीत औषध किती आहे, सहा महिन्यांनी किती उरतं, हे यंत्रावर मोजायचं आणि कागदावर सही करून त्यामागे उभं राहायचं, हे तिचं काम. सात महिन्यांपूर्वी मालकांनी कारखाना गुजरातेत हलवला. एकाच दुपारी चाळीस जणांच्या हातात पत्रं पडली.

तेव्हापासून तिने वहीत मोजून तीनशे बारा अर्ज केले होते. उत्तरं आली अकरा. बाकीच्यांनी 'नको' म्हणण्याचीही तसदी घेतली नव्हती. सकाळी डोळे उघडले की आधी मेल, भात टाकला की मेल, आंघोळीला जाताना फोन खिडकीत. नवरा भाग्येश कापड गिरणीत मेंटेनन्सला होता. तो जेवताना काही विचारायचा आणि ती "हं" म्हणायची. दोन महिन्यांपासून तिला नीट झोप नव्हती, भूकही नव्हती.

मुलाखत संपल्यावर तिने एकच फोन केला. जमनाताईला.

जमना घिवलीची. घरची चिकूची वाडी, पण ती त्याच तपासणी विभागात पंधरा वर्षं मदतनीस होती. नमुने आणणं, काचेची भांडी धुणं, नोंदी ठेवणं तिच्याकडे असायचं. पत्र तिलाही त्याच दुपारी मिळालं होतं. ती दुसऱ्या दिवशी रिक्षाने बोईसरला आली, उत्कर्षाच्या स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि सगळं ऐकून हसायला लागली.

"हसताय काय, जमनाताई?"

"हसू नको तर काय करू? मॅडम, तुमी मला किती वेळा वरडलाव, आठवतं का? एक दिवस कॉलम न धुता पुढचा नमुना लावला म्हनून."

कॉलम म्हणजे त्या यंत्रातली बारीक पोलादी नळी. तिच्यातून द्रावण जातं आणि औषध वेगळं होतं. एका कामाचा गाळ आत राहिला की पुढच्या नमुन्याचे आकडे बिघडतात, आणि तसंच रेटत राहिलं तर नळीच कायमची वाया जाते. म्हणून काम झालं की धुवायची, मग ठेवायची. ही शिस्त उत्कर्षाने विभागात कडक लावली होती.

"मंग सात महिनं सोताला धुतलंत का तुमी?" जमना म्हणाली. "नकार आला की त्याच्यावर दुसरा अर्ज, त्याच्यावर तिसरा. आकडं बरोबर येतील कसं?"

उत्कर्षाला राग आला. आधी जमनाचा, मग त्या चाळीस पत्रांचा, मग त्या अकरा उत्तरांचा आणि न आलेल्या तीनशे एकांचा. खूप दिवसांनी तिला रडू न येता राग आला होता आणि तो बरा वाटत होता.

"बरोबर," ती म्हणाली. "माझा आठवडा ही माणसं ठरवतायत, ज्यांनी माझं नावसुद्धा वाचलेलं नाही. आता मी ठरवणार."

दोघी वही घेऊन बसल्या. उत्कर्षाला प्रयोगशाळेचं वेळापत्रक लावायची सवय होतीच. नोकरी मिळणं आपल्या हातात नाही, तेव्हा ते आठवड्याचं काम म्हणून लिहायचंच नाही, हे तिने पहिल्यांदा ठरवलं. हातात आहे तेवढंच लिहायचं. सोमवारी दहा ते एक फक्त जाहिराती वाचायच्या आणि त्यातल्या पाच निवडायच्या. सहावी कितीही गोड दिसली तरी पुढच्या सोमवारी. मंगळवार-बुधवार त्या पाचांसाठी पाच वेगळे अर्ज. कंपनी काय बनवते ते वाचून, त्यांना जे हवं ते आपल्या अनुभवातून वर आणून. मेल अकराला बघायचा आणि चारला. मधे फोन कपाटात.

"आनि मानसं?" जमनाने विचारलं. "आपल्याबरोबरचं चाळीस जन कुटं तरी गेलंच असतील ना?"

म्हणून गुरुवार माणसांचा. दोघा जुन्या सहकाऱ्यांना फोन, पण 'नोकरी बघा' म्हणायचं नाही. तुमच्याकडे काम कसं चाललंय, कोणती यंत्रं आहेत, माणसं कशी निवडतात, हे विचारायचं. शुक्रवारी दोघींनी भेटायचं आणि एकमेकींच्या मुलाखती घ्यायच्या. दोन आठवडे उत्तर नसलेल्या अर्जाला एकदाच आठवण पाठवायची, आणखी आठवडा वाट बघायची आणि मग लाल पेनाने काट. नकार आला त्या दिवशी पुढचा अर्ज नाही. आणि शनिवार-रविवार बंद.

"पुरा बंद?" जमना म्हणाली.

"कारखान्याच्या दारासारखा."

हे वेळापत्रक पहिल्यांदा कोणाला खुपलं असेल तर धर्मेशदादांना. भाग्येशचे हे मोठे भाऊ पालघरला राहायचे, जिल्हा कार्यालयाजवळ त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. मनाने वाईट नव्हते. रोज दहा-पंधरा जाहिराती तिला पाठवायचे. रविवारी जेवायला आले तेव्हा फ्रिजवर चिकटवलेला कागद त्यांनी वाचला.

"आठवड्याला पाच? अगं, लोक दिवसाला पन्नास टाकतात. आणि वर दोन दिवस सुट्टी! नोकरी नसलेल्या माणसाला सुट्टी कसली?"

"ढिगाने टाकून बघितले, दादा. सात महिने. त्याने मी कंपनीचं नाव विसरले."

"मग जरा लक्ष देऊन टाक. हा आळस आहे, दुसरं काही नाही."

भाग्येश ताटात बघत होता. उत्कर्षाने त्याच्याकडे पाहिलं नाही. "तुमचं दुकान दर रविवारी बंद असतं," ती म्हणाली. "तो आळस आहे का?"

मग भाग्येशच म्हणाला, "दादा, आठ दिवस झाले, ती रात्री झोपते. पाच तर पाच." आणि त्याने आमटी वाढून घेतली.

पुढच्याच शनिवारी दुपारी फोन आला. नोकऱ्या लावून देणाऱ्या कुठल्याशा एजन्सीचा माणूस होता, नंबर धर्मेशदादांनीच दिला होता. "मॅडम, आज चारच्या आत वसईला या. अर्जंट जागा आहे."

"कंपनी कोणती?"

"ते इथे आल्यावर सांगतो."

"काम कोणतं? तपासणीचं की कागदपत्रांचं?"

"मॅडम, यायचं तर या. प्रश्न विचारणाऱ्यांची रांग नाही माझ्याकडे, येणाऱ्यांची आहे."

महिन्याभरापूर्वी ती ओल्या केसांनी धावली असती, खरंतर अशी दोनदा धावलीही होती आणि दोन्ही वेळा बाकावर तीन तास बसून परत आली होती. "कंपनीचं नाव आणि कामाचं स्वरूप मेल करा," ती म्हणाली. "जमण्यासारखं असेल तर सोमवारी साडेदहाला येते."

"सोमवारपर्यंत जागा जाईल."

"जाऊ दे."

मेल आला नाही. धर्मेशदादांनी मात्र भाग्येशला फोन करून अर्धा तास झाडलं.

ती त्या दिवशी जमनाकडे घिवलीला गेली आणि वाडीत चिकू उतरवू लागली. अणुशक्ती केंद्राच्या चिमण्या लांब दिसत होत्या. "चुकलं का माझं?" तिने विचारलं. जमना म्हणाली, "नाव न सांगनाऱ्या नवऱ्याला कुनी पोरगी देतं का?" आणि टोपली पुढे सरकवली.

चार आठवडे झाल्यावर दोघींनी शुक्रवारी उत्कर्षाचे आकडे मांडले. वीस अर्ज, उत्तरं पाच, त्यातून दोन मुलाखती. तीनशे बारावर अकरा आणि वीसवर पाच. उत्कर्षा त्या ओळीकडे बघतच राहिली. पण दोन्ही मुलाखतींत ती पहिल्या फेरीपुढे गेली नव्हती. म्हणजे कागद ठीक होता, बोलणं अडत होतं. मग मंगळवार-बुधवारचा एक तास कापून त्यांनी तो बोलण्याच्या सरावाला दिला. जमना खुर्चीवर ताठ बसून "तुमी एवढं महिनं घरी का बसलाव?" असं इतक्या तुच्छतेने विचारायची की उत्कर्षाचा तोल जायचा. सातव्या-आठव्या वेळी तो गेला नाही.

सातव्या आठवड्यात नोकरी लागली ती जमनाला. पालघरच्या एका शाळेत, प्रयोगशाळा परिचर म्हणून. उत्कर्षाने तिला मिठी मारली, पेढे खाल्ले आणि ती गेल्यावर मोरीत जाऊन नळ मोठा सोडून रडली. एवढा हेवा आपल्यात असेल असं तिला वाटलं नव्हतं. त्या दिवशी तिने वही उघडली नाही. सोमवारी दहाला उघडली. आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर जमना आली, पाटावर बसली, म्हणाली, "हां, विचारते. एवढं महिनं घरी का बसलाव?"

रामकिसन सर हे उत्कर्षाचे जुने विभागप्रमुख. गुरुवारच्या फोनमध्ये ते सहज बोलून गेले की पालघरजवळ बाहेरच्या कंपन्यांचे नमुने तपासून देणारी एक प्रयोगशाळा वाढते आहे, जाहिरात अजून आलेली नाही. त्यांनी तिथल्या प्रमुख बाईंचं नाव दिलं. पुढच्या आठवड्यातल्या पाचांतला पहिला अर्ज तिथे गेला. नऊ दिवस काही नाही. मग बोलावणं आलं.

समोर तीन जण होते. मधल्या बाईंनी कागद खाली ठेवला. "दहा महिन्यांचा खंड आहे. काय करत होतात?"

"पहिले सात महिने चुकीच्या पद्धतीने नोकरी शोधत होते," उत्कर्षा म्हणाली. "मग ती पद्धत मोडली. आठवड्याला पाच अर्ज, ठरलेल्या वेळा, महिन्याला आकडे तपासून दुरुस्ती. यंत्र बिघडलं की मी जे करते तेच केलं. खंडाबद्दल मला लाज वाटत नाही, मॅडम. कारखाना मी बंद केला नव्हता."

शेवटचं वाक्य सरावात नव्हतं. ते आपसूक आलं, आणि जरा मोठ्याने आलं. उजवीकडच्या माणसाने भुवया उंचावल्या. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "एखाद्या नमुन्याचे आकडे मर्यादेबाहेर आले आणि वरचे म्हणाले पुन्हा लावा, पहिलं विसरा. तर?"

"पहिलं विसरत नाही. आधी कारण शोधते. सही माझी असते."

बुधवारी अकराच्या मेलमध्ये पत्र होतं. वरिष्ठ विश्लेषक, स्टेबिलिटी विभाग, म्हणजे टिकाऊपणाच्या चाचण्यांचाच. तिने ते दोनदा वाचलं, भाग्येशला गिरणीत फोन लावला आणि यंत्रांच्या आवाजात त्याला ऐकू जाईना म्हणून ओरडून सांगितलं. शेजारचे दरवाजे उघडले.

जमनाला शाळेच्या मधल्या सुट्टीत सांगितलं. पलीकडे पोरांचा कालवा चालला होता. जमना म्हणाली, "आपल्या चाळिसातले आजून किती घरी हायेत, मॅडम?"

"अकरा तरी असतील."

"नंबर हायेत का?"

"आहेत," उत्कर्षा म्हणाली, आणि यादी काढायला बसली.