कोणाचं काय जातंय?

चर्चासत्राला दहा मिनिटं उरली असताना थोरलीला आईचा फोन आला.

"अगं, काल भिंगरीला घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. गोळी लागूच पडत नाही म्हणाले. आता रोज एकाच्या दोन द्यायच्या. बाटलीतल्या शेवटच्या दोन आज सकाळी दिल्या, नवी बाटली संध्याकाळी आणते. आणि आज त्याची लेथवरची परीक्षा आहे ना? बरं झालं, आजपासूनच सुरू केलं!"

भिंगरी म्हणजे थोरलीचा अठरा वर्षांचा धाकटा भाऊ. लहानपणापासून एका जागी बूड टेकेल तर शपथ. लक्ष न टिकण्याचा विकार आहे असं डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं, मिथाइलफेनिडेट सुरू केलं, आणि पोरगं माणसात आलं. आता तो यंत्रकामाच्या प्रशिक्षण केंद्रात लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातणाऱ्या यंत्रावर, काम शिकत होता. गेले सहा आठवडे मात्र त्या बाटलीत औषध नव्हतंच. औषध थोरली खात होती, आणि बाटलीत तिने तेवढ्याच आकाराच्या, तशाच पांढऱ्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरल्या होत्या.

सुरुवात झाली तेव्हा केंद्राला सुट्टी होती. घरी लोळणाऱ्याला गोळी कशाला हवी, असा थोरलीचा हिशेब. तिची वैद्यकीयची तिसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती. सुट्टी संपली, तिची सवय संपली नाही. 'उद्यापासून खऱ्या ठेवते' म्हणता म्हणता आजचा दिवस उजाडला होता.

तिने भिंगरीला फोन लावला. बंद. यंत्रावर जाण्याआधी फोन जमा करावे लागतात, हे तिला ठाऊक होतं. आईला परत लावावा? लावून सांगायचं काय? दुसऱ्याच्या नावाची नियंत्रित औषधं चोरून घेणाऱ्या मुलीला कॉलेज ठेवून घेईल?  तेवढ्यात मेंदूचं नीतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी तिला हाक मारली, आणि ती शहाणी मुलगी निमूट जाऊन फळ्यापाशी उभी राहिली. भित्रा माणूस पळत नाही, तो दिलेल्या जागेवर उभा राहतो.

फळ्यावर प्रश्न होता: निरोगी विद्यार्थ्यांनी अभ्यासासाठी अशा गोळ्या घ्याव्यात का? थोरली 'घ्याव्यात' या बाजूने बोलणार होती. तयारी चोख होती.

"कॉफी चालते," ती म्हणाली, "शिकवणी चालते, चष्मा चालतो. मग गोळीनेच काय घोडं मारलंय? मेंदूतलं डोपामिन हे रसायन परत शोषलं जाण्याची वाट ही गोळी अडवते, त्यामुळे ते पेशींमधल्या फटीत जास्त वेळ राहतं. नॉरअॅड्रेनालिन या दुसऱ्या रसायनाचंही तसंच. कंटाळवाण्या कामात मन लागतं. वाचतो, घोकतो तो मीच ना? मग यशही माझंच."

समोर बसलेला वर्गमित्र उठला. कॅन्टीनमधल्या चहावरही तो वाद घालायचा, म्हणून सगळे त्याला वकीलसाहेब म्हणत.

"निरोगी माणसावरचे प्रयोग वाचलेस का? स्मरणशक्तीत फरक थोडका, आणि तोही सगळ्यांत नाही. आपलं फार छान चाललंय असं वाटणं मात्र खूप वाढतं. झोप उडते, नाडी आणि रक्तदाब वाढतो, काहींना सवय लागते. आणि अर्ध्या वर्गाने घेतली, तर उरलेल्यांना नाही म्हणायची सोय उरते का? नको असलेल्यालाही मग घ्यावीच लागेल. हे कसलं स्वातंत्र्य?"

"दडपण तर शिकवणीचंही असतंच," थोरली म्हणाली. आवाज आपला नसल्यासारखा येत होता. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजत आले होते. साडेदहाला भिंगरीची पाळी. "प्रौढ माणसाने धोका समजून घेतला, तर त्याचं शरीर, त्याचा निर्णय. मी माझी गोळी खाल्ली तर कोणाचं काय जातं?"

"तुझी?" वकीलसाहेब हसला. "तू निरोगी, मग तुझ्या नावाची गोळी आली कुठून? कोणाच्या तरी ताटातलीच ना?"

वर्ग हसला. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं, तो आपला मुद्दा मांडत होता. थोरलीला मात्र भिंगरीचे हात दिसले, कपबशी धरतानाही भलतीकडे जाणारे. आणि आज त्या हातांपुढे फिरतं लोखंड होतं.

"बाई, मला जायला हवं," एवढंच म्हणून ती पळत सुटली.

केंद्र चार रस्ते पलीकडे होतं. ती धावली तशी शाळेतही कधी धावली नव्हती. सकाळी घेतलेली गोळी छातीत धाडधाड वाजत होती. मनात एकच चाललं होतं, देवा, त्याचे हात राहू देत.

कार्यशाळेच्या दारातच तिला तो दिसला. लेथचा चक, म्हणजे नग घट्ट धरणारा जबडा, त्याने नुकताच आवळला होता. आवळायची किल्ली तशीच त्यात अडकून राहिली होती. यंत्र सुरू झालं की ती किल्ली गोळीसारखी सुटते, हे भिंगरीनेच कधी तरी घरी फुशारकीने सांगितलं होतं. आत्ता तो खिडकीबाहेर कुठेतरी बघत होता आणि त्याचा हात यंत्र सुरू करायच्या बटणाकडे चालला होता.

ओरडावं तर तो दचकून बटण दाबेल. नाही ओरडलं तरी तो दाबणारच.  ती दारापाशी उभ्या असलेल्या शिक्षकांवर जवळजवळ आदळली, त्यांचा दंड धरून तिने नुसतं बोट दाखवलं. त्यांनी दोन ढांगांत पोचून यंत्र बंद करायच्या लाल बटणावर पंजा मारला आणि भिंगरीला मागे ओढलं.

"किल्ली कोण काढणार? तुझा काका?" शिक्षक ओरडले. "महिनाभर बघतोय मी. सुट्टीआधी वर्गात पहिला होतास रे! बास झालं. तुला यंत्रावर उभं करायचं माझ्याच्याने होणार नाही. उद्या तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

भिंगरी चकातल्या किल्लीकडे बघत राहिला. मग त्याला बहीण दिसली. ती इथे कशी, हेही त्याने विचारलं नाही.

"आज तर दोन घेतल्या होत्या, ताई," तो हळूच म्हणाला. "दोन घेऊनही होत नाहीये. सर म्हणतात ते खरंय, मीच वाया गेलोय."

 थोरलीला अजूनही गप्प बसता आलं असतं. संध्याकाळी नवी बाटली येणार होती, त्यातल्या गोळ्या खऱ्या असणार होत्या. पण खऱ्या दोन! एक गोळी पुरत असताना दुप्पट औषध त्याच्या अंगात जाणार, त्याची नाडी अशीच धडधडणार, आणि जन्मभर तो स्वतःला वाया गेलेला समजणार.

"सर, याला काढू नका," ती म्हणाली. "याच्या बाटलीतल्या गोळ्या खोट्या आहेत. सहा आठवडे झाले. मी बदलल्या. खऱ्या मी खात होते."

 भिंगरीला समजायला थोडा वेळ लागला. तो चिडेल, अंगावर येईल असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"पण तुला कशाला लागत होत्या?" त्याने खरोखरच न कळून विचारलं. "तुझं डोकं तर चांगलं आहे ना, ताई?"

ती मान खाली घालून रडली. भिंगरी तिच्याजवळ आला नाही, लांबही गेला नाही. शेवटी शिक्षकांनी मेजावरचा फोन तिच्यापुढे सरकवला. "आधी घरी सांगा," ते म्हणाले. तिने नंबर लावला. पलीकडून आई आनंदाने विचारत होती, "कशी झाली गं त्याची परीक्षा?"