माफी नसलेलं पुस्तक

आजोबा जुने ग्रंथपाल. थापा अशा मारत, की ऐकून मगरीच्याही डोळ्यांत खरं पाणी यावं. नऊ वर्षांच्या नातीला शाळेत चिडवतात म्हटल्यावर त्यांनी तीन पुस्तकं आणली. तिन्हींत एक दांडगा मुलगा, त्याला खणखणीत उत्तर आणि शेवटी माफी.

नातीने ते उत्तर वर्गात देऊन पाहिलं. आता चौघी जणी तेच वाक्य तिच्या मागे हळूच म्हणत, बाईंना ऐकू जाणार नाही असं.

"मारतात का गं?"

"नाही. मी बसले की लांब सरकतात फक्त. आजोबा, कोणीच माफी मागत नाही, असं पुस्तक आहे?"

होतं. त्यातली मुलगी रोज एकटी डबा खाते आणि एकदा आईला सगळं सांगते. 'यात काही दम नाही' म्हणून आजोबांनीच ते फळीवर परत ठेवलं होतं. आधी मुलाला विचारा, मग पुस्तक निवडा, हे लोकांना चाळीस वर्षं ते स्वतःच शिकवत आले होते.

दुसऱ्या दिवशी दोघांनी ते वाचायला घेतलं. डब्याच्या पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "माझं इथून सांगू?"

ती सांगत गेली. वर्ष सुरू झालं तेव्हापासूनचं होतं सगळं, आणि इतके दिवस आजोबा तिला गोष्टीच सांगत बसले होते.