तारीख बदलली की झालं

औषधांच्या दुकानाच्या मालकांना सगळे भाऊ म्हणत. दुकान आपल्या जोरावर चालतं, अशी भाऊंची समजूत होती. खरं तर ते चालत होतं काउंटरमागच्या फ्रेममधल्या कागदावर, म्हणजे फार्मासिस्ट ताईंच्या नोंदणी प्रमाणपत्रावर.

ताईंनी प्रत्येक बॅचची मुदत कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली होती. संपायला सहा महिने उरले की ओळ पिवळी होई. तीन उरले की लाल, आणि वर शिट्टी. पिवळा माल पुढच्या फळीवर आणून आधी विकायचा. खपत नसेल तर लाल व्हायच्या आत वितरकाला कळवायचं, नंतर तो परत घेत नसे. काम साधंच. पण भाऊंना ती शिट्टी सासुरवाडीच्या टोमण्यासारखी लागे.

ताई दोन दिवस रजेवर गेल्या आणि भाऊंना शोध लागला. मुदतीच्या रकान्यात वर्ष बदललं की ओळ निमूट पांढरी होते. भाऊंनी बसल्या बैठकीत बावीस औषधांना एकेक वर्षाचं आयुष्य बहाल केलं. एवढं डॉक्टरांनाही जमत नाही. ताई परतल्या तेव्हा त्यांना अभिमानानं सांगितलं, सगळं मार्गी लावलंय.

दोन महिने दुकान कसं शांत होतं.

मग एका दुपारी ताई जेवायला गेलेल्या असताना भाऊंच्या आई डोळ्यांचे थेंब घ्यायला आल्या. मुदत उलटलेली बॅच असती तर कॉम्प्युटरनं बिलच अडवलं असतं. पण त्याच्या लेखी ती बाटली अजून ऐन तारुण्यात होती. भाऊंनी बिल केलं.

तासाभरात आई परत आल्या, हातात भिंग. लेकाकडून काहीही घेतलं तरी त्या ते वाचूनच घरात ठेवत. ताई काउंटरवर होत्या.

"बिलावर पुढचं वर्ष आहे, बाटलीवर गेला महिना," आई म्हणाल्या. "खरं कोण बोलतंय?"

छापताना चूक झाली असेल, असं भाऊ पुटपुटले.

"कंपनीकडून की तुझ्याकडून?"

ताईंनी बाटली पाहिली, बॅच नंबर पाहिला, कोणी कधी काय बदललं ती यादी उघडली. बावीस ओळी, सगळ्या भाऊंच्या नावावर. त्यांनी स्टूल ओढलं, फ्रेम उतरवली आणि पिशवीत घातली.

"अहो ताई, बसा तर."

"यांनी बाटली उघडली असती तर डोळे तुमच्या आईचे गेले असते भाऊ, आणि नाव माझं."

भाऊंनी आईकडे पाहिलं. तिकडे काही मदत नव्हती.

ताईंच्या अटी दोनच होत्या. तारखा बदलायचा पासवर्ड यापुढे फक्त त्यांच्याकडे. आणि आत्ता दुकानातली प्रत्येक बाटली, प्रत्येक पट्टी भाऊंनी हातात घेऊन मोठ्यानं वाचायची.

आईंनी भिंग पुढे केलं.

भाऊ वाचत गेले, ताई भरत गेल्या. मुदत उलटलेल्या सात बॅच 'विक्रीसाठी नाही' लिहिलेल्या खोक्यात गेल्या; बाकीच्या पंधरा लाल झाल्या. म्हणजे पंधरा शिट्ट्या. प्रत्येक शिट्टीला भाऊ दचकत, आई मान डोलवत.

शेवटी ताईंनी फ्रेम परत टांगली. थोडी तिरपीच. भाऊंनी गुपचूप स्टुलावर चढून ती सरळ केली.